काम निम्म्यावर असताना ग्राहकाने व्याप्ती वाढवली, तर सुधारित दरपत्रकाचे पत्र कसे लिहावे

काम सुरू झाल्यावर ग्राहकाने त्यात भर घातली की बहुतेक जण एकच सल्ला देतात: जुने कोटेशन उघडा, त्यात नव्या बाबी घाला, खाली नवी बेरीज लिहा आणि पाठवून द्या. या सल्ल्यामुळेच निम्मी भांडणे होतात. ग्राहकासमोर दोन वेगवेगळे आकडे पडतात आणि मधला फरक कशामुळे झाला हे कोणालाच दिसत नाही. मग कंत्राटदाराने जुने दरही गुपचूप वाढवले असा संशय येणे स्वाभाविक आहे. सुधारणेचे पत्र म्हणजे नवे दरपत्रक नव्हे. मूळ दरपत्रक एका अक्षरानेही न बदलता त्याच्या शेजारी बदल मांडणारे ते पत्र असते, आणि ते तसेच लिहिले पाहिजे.

पद्धत समजण्यासाठी मुंबई-ठाणे परिसरात दर उन्हाळ्यात दिसणारे काम घेऊ. एका गृहनिर्माण संस्थेच्या ३,००० चौरस फूट गच्चीचे वॉटरप्रूफिंग ठरले आहे. जुना कोबा तोडून राडारोडा उचलण्याचा दर चौरस फुटाला ३५ रुपये आहे, आणि विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा करून वर सिमेंटची घोटाई करण्याचा दर १४५ रुपये. म्हणजे एकूण ५,४०,००० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. मुदत २० मेपर्यंत. तोडकाम पूर्ण झाले आहे, १,२०० चौरस फुटांवर घोटाईसह कोबा तयार आहे, आणि त्या वेळी समितीने तीन गोष्टी सांगितल्या: जिन्याच्या केबिनच्या ४०० चौरस फूट माथ्यालाही हेच काम करा, संपूर्ण गच्चीवर घोटाईऐवजी चायना मोझॅक करा आणि कठड्याच्या आतल्या बाजूचे प्लास्टर नवे करा. दर उदाहरणापुरते आहेत. आपले दर आपण घालावेत.

पहिली पायरी: पत्र लिहिण्यापूर्वी संयुक्त मोजमाप करा

समितीचा एक प्रतिनिधी सोबत घ्या, झालेल्या आणि राहिलेल्या कामाची फीत लावून मापे घ्या, कागदावर तारीख घाला आणि दोघांनी सही करा. हा कागद हाती नसेल तर पुढचे सर्व हिशेब हवेत राहतात, कारण चार दिवसांनी गच्चीवर १,२०० ऐवजी १,८०० चौरस फूट तयार झालेले असतील आणि बदल सांगितला त्या दिवशी काम कुठवर आले होते हे सिद्ध करता येणार नाही. केवळ फोटोवर विसंबू नका. फोटोत क्षेत्रफळ दिसत नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक मागणीचा प्रकार ओळखा

वाढ तीन प्रकारची असते. तेच काम जास्त प्रमाणात, पूर्णपणे नवे काम आणि ठरलेल्या कामाच्या स्वरूपात बदल. पहिल्या प्रकाराला जुनाच दर लावा. केबिनच्या माथ्याचे ४०० चौरस फूट १८० रुपयांच्या एकत्रित दराने ७२,००० रुपये होतात. साहित्य शिडीने वर चढवावे लागणार असेल तर त्यासाठी दर वाढवून १९५ किंवा २०० करू नका. ‘केबिनच्या माथ्यावर साहित्य चढवण्याची मजुरी, ठोक ८,००० रुपये’ अशी स्वतंत्र ओळ लिहा. एकाच कामाचे दोन दर एका पत्रात दिसले की मूळ दराबद्दलही प्रश्न विचारले जातात. दुसरा प्रकार सोपा आहे: २२० फूट लांब आणि ३ फूट उंच कठड्याचे ६६० चौरस फूट प्लास्टर, दर ९० रुपये, रक्कम ५९,४०० रुपये.

तिसरी पायरी: बदललेल्या कामाची वजावट मांडा

मला सर्वांत अवघड गेलेली आणि आजही सर्वाधिक वेळ घेणारी पायरी हीच आहे. चायना मोझॅकचा दर ७५ रुपये धरला, तर ३,००० चौरस फुटांचे २,२५,००० रुपये होतात आणि अनेक जण एवढाच आकडा लिहून पुढे जातात. तो चुकीचा आहे, कारण मूळ १४५ रुपयांत घोटाईचे पैसे आधीच धरलेले आहेत. जिथे घोटाई होणारच नाही तिथले पैसे ग्राहकाला परत दिसले पाहिजेत. समितीत बांधकामातले कळणारा एखादा सदस्य असतोच, आणि न दाखवलेली वजावट त्याने शोधली की तुमचा उरलेला प्रत्येक आकडा संशयाखाली येतो.

वजावट करायची तर मूळ दरातला घोटाईचा वाटा सांगावा लागतो, आणि नेमके तेच लोक टाळतात, कारण दराची फोड उघड होईल अशी त्यांना भीती वाटते. ही भीती सोडा. संपूर्ण फोड देण्याची गरज नाही; ‘१४५ रुपयांपैकी वरच्या सिमेंट घोटाईचे २० रुपये’ एवढे एकच वाक्य पुरते. हा आकडा मात्र प्रामाणिक असावा, म्हणजे कोणी फक्त घोटाईच करून मागितली तर तुम्ही जो दर लावाल त्याच्याशी तो जुळला पाहिजे.

आता संयुक्त मोजमापाचा उपयोग दिसतो. राहिलेल्या १,८०० चौरस फुटांवर घोटाई होणार नाही, म्हणून १,८०० गुणिले २०, म्हणजे ३६,००० रुपये वजा होतात. झालेल्या १,२०० चौरस फुटांची मात्र वजावट नाही, कारण तिथली घोटाई मूळ ठरावाप्रमाणे पूर्ण झालेली आहे. उलट गुळगुळीत घोटाईवर मोझॅकचा मसाला धरत नाही, म्हणून तिथे टाचे मारून पृष्ठभाग खडबडीत करावा लागेल. त्याचे ८ रुपयांप्रमाणे ९,६०० रुपये. अशा रीतीने या बदलाची निव्वळ रक्कम २,२५,००० वजा ३६,००० अधिक ९,६००, म्हणजे १,९८,६०० रुपये येते. या तीन ओळी पत्रात तीनच ठेवा. त्यांची एक ओळ करून ‘मोझॅकचा फरक’ असे लिहिले तर पायरीचा सगळा उपयोग संपला.

टाचे मारण्याचे पैसे मागताना सूर सांभाळावा लागतो. ‘आपण उशिरा सांगितल्यामुळे’ असे लिहू नका. ‘मोजमापाच्या दिवशी १,२०० चौरस फुटांवर घोटाई पूर्ण झालेली होती’ हे विधान तेच काम करते आणि त्यात कोणावर दोष येत नाही. तसेच ‘जादा काम प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ हे शब्द कधीही वापरू नका. त्यात ना परिमाण आहे ना दर, आणि अंतिम बिलाच्या वेळी दोन्ही बाजू त्याचा आपापला अर्थ लावतात.

चौथी पायरी: क्रम आणि मुदत कशी बदलते ते लिहा

कठड्याचे प्लास्टर कोब्याच्या आधी व्हायला हवे, कारण कोबा आणि कठडा जिथे मिळतात तिथला गोल कोपरा, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘वाटा’, कठड्यावर चढवलेला असतो. तयार झालेल्या भागात तो आधीच केलेला आहे. तिथले जुने प्लास्टर खालपर्यंत तोडले तर वाटा फुटेल. म्हणून त्या बाजूला नवे प्लास्टर वाट्याच्या वर थांबेल आणि सांधा वेगळा भरावा लागेल, हे पत्रात स्पष्ट लिहा. पुढे तिथूनच ओल आली तर हे वाक्य महत्त्वाचे ठरते. मोझॅकमुळे गच्चीवर वजन वाढते आणि पातळीही उंचावते. इमारत जुनी असल्यास संस्थेच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती मागा, आणि पावसाच्या पाइपांची तोंडे व केबिनचा उंबरठा यांची उंची पुरते का ते तपासून लिहा.

मुदत २० मेवरून ५ जूनवर जात असेल तर तारीख लिहा, ‘काही दिवस जास्त’ असे नको. हवामान खात्यानुसार मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, त्यामुळे समितीने निर्णयाला आठवडा लावला तर मोझॅक पावसात सापडेल, हेही सरळ सांगा.

पाचवी पायरी: पत्र लिहा

पत्र अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्या नावे, मूळ दरपत्रकाचा व कार्यादेशाचा क्रमांक विषयातच घालून लिहा. मजकूर असा ठेवता येईल:

‘महोदय, वरील कार्यादेशानुसार काम चालू असताना ४ मे रोजी समितीने गच्चीवर प्रत्यक्ष चर्चेत तीन बदल सुचवले. ६ मे रोजी केलेल्या संयुक्त मोजमापाची प्रत सोबत जोडली आहे. मूळ दरपत्रकातील सर्व दर व अटी कायम आहेत. बदलांची रक्कम पुढीलप्रमाणे आहे.

अ) केबिनचा माथा, मूळ दराने ४०० चौ. फूट: ७२,००० रु.; साहित्य चढवण्याची मजुरी: ८,००० रु.
आ) चायना मोझॅक, ३,००० चौ. फूट: २,२५,००० रु.; न होणाऱ्या घोटाईची वजावट, १,८०० चौ. फूट: ३६,००० रु. वजा; टाचे मारणे, १,२०० चौ. फूट: ९,६०० रु.
इ) कठड्याचे आतील प्लास्टर, ६६० चौ. फूट: ५९,४०० रु.

एकूण वाढ ३,३८,००० रु. मूळ ५,४०,००० रु. धरून सुधारित रक्कम ८,७८,००० रु., १८ टक्के जीएसटी १,५८,०४० रु., एकूण १०,३६,०४० रु. अ, आ, इ यांपैकी प्रत्येक बाब स्वतंत्रपणे मंजूर किंवा नामंजूर करता येईल. उर्वरित भागातील घोटाई आम्ही तूर्त थांबवली असून कोब्याचे काम मूळ कार्यादेशानुसार चालू आहे. १२ मेपर्यंत लेखी निर्णय मिळाल्यास संपूर्ण काम ५ जूनपर्यंत पूर्ण होईल. त्या तारखेपर्यंत निर्णय न मिळाल्यास मूळ कार्यादेशाप्रमाणे घोटाई पूर्ण करण्यात येईल.’

शेवटची दोन वाक्ये वगळू नका. त्यांच्याविना तुम्ही मजूर बसवून ठेवता किंवा परवानगीविना मोझॅक सुरू करता, आणि दोन्हींत नुकसान तुमचेच आहे.

सहावी पायरी: मंजुरी लेखी घ्या

सचिवांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला अंगठा ही मंजुरी धरू नका. गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींत दुरुस्तीवर समितीने स्वतःच्या अधिकारात किती खर्च करावा याला मर्यादा असते आणि त्यापुढे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते; म्हणूनच वरच्या पत्रात बाबी सुट्या ठेवल्या आहेत, जेणेकरून समितीला जे आज मंजूर करता येईल ते करावे आणि उरलेले सभेसमोर न्यावे. सभेची नोटीस देऊन १२ मे गाठणे समितीला शक्य नसेल, तर ती तारीख पुढे ढकलण्यापेक्षा मोझॅक पावसाळ्यानंतर करण्याचा पर्याय द्या.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० चा आधार घेऊन ‘काम करून टाका, पैसे द्यावेच लागतात’ असे सांगणारे अनेक भेटतात. फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला तर त्याची भरपाई मागता येते, असे ते कलम सांगते हे खरे. पण ती भरपाई न्यायालयात सिद्ध करून मिळवावी लागते, आणि तिथे तुमचा ७५ रुपयांचा दर मान्य होईलच असे नाही. कराराच्या दोन्ही पक्षांनी संमतीने बदल करणे याच कायद्याच्या कलम ६२ मध्ये बसते, आणि संस्थेची सही व शिक्का असलेली पत्राची प्रत तोच बदल नोंदवते.

ती प्रत हाती आल्यावर वाढीव रकमेची आगाऊ रक्कम मूळ अटीच्याच टक्केवारीने मागा, आणि बिल करताना मूळ कामाच्या ओळी आधी, वाढीव कामाच्या ओळी पत्रातल्याच अ, आ, इ या क्रमाने लिहा, म्हणजे खजिनदाराला दोन कागद शेजारी ठेवून प्रत्येक रक्कम जुळवता येईल.