भावाला मुखत्यारपत्र देताय? ‘आवश्यक ती सर्व कामे’ या ओळीपाशी थांबा

ठाणे-नवी मुंबईत एक चित्र नेहमीचं आहे. फ्लॅट खारघरला किंवा घोडबंदर रोडला, मालकीण मुलाकडे नाशिकला, आणि फ्लॅटचं बघायला कळव्याचा धाकटा भाऊ. सोसायटीचा मेंटेनन्स, भाडेकरू, मालमत्ता कर, प्रत्येक वेळी येणं जमत नाही. मग कोणीतरी सुचवतं, “ताई, मला कुलमुखत्यारपत्र करून दे, म्हणजे तुला त्रास नको.” स्टॅम्प पेपरवाल्याकडे तयार मसुदा असतोच. नाव, पत्ता, आधार क्रमांक भरला की झालं.

त्या तयार मसुद्यात पंधरा-वीस कलमं असतात. ‘भाड्याने देणे, कर भरणे, सोसायटीत अर्ज करणे’ यांच्या मागोमाग, त्याच ओघात, ‘विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे, मोबदला स्वीकारणे’ असं येतं आणि शेवटी ‘व इतर आवश्यक ती सर्व कामे करणे’. ताईला हवं होतं भाड्याचं काम, सही झाली विक्रीच्या अधिकारावर. पहिली चूक हीच.

यातली दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. कोर्ट मुखत्यारपत्र काटेकोर वाचतं. जे अधिकार स्पष्ट लिहिलेत तेवढेच मिळतात, आणि शेवटची ‘सर्व कामे’ ही ओळ त्या लिहिलेल्या अधिकारांना पूरक म्हणून वाचली जाते, नवा अधिकार म्हणून नाही. ‘मिळकतीची देखभाल व व्यवस्था’ एवढंच लिहिलं असेल तर त्यातून विक्री निघत नाही. म्हणजे तयार मसुद्यात नको ते अधिकार जातात आणि अती मोघम मसुद्यात हवं ते कामही अडतं. भाऊ सब-रजिस्ट्रारकडे भाडेकरार घेऊन जातो आणि दस्त सादर करून कबुलीजबाब देण्याचा अधिकारच कागदावर नसतो. म्हणून मसुद्यातली क्रियापदं एकेक करून वाचा. नको असलेलं नुसतं गाळू नका, ‘विक्री, गहाण, बक्षीस व तारण यांचा अधिकार दिलेला नाही’ असं ठळक लिहा.

विक्रीचा अधिकार खरंच द्यायचा असेल तर माझ्या मते तीन मर्यादा सोडू नयेत. किमान किंमत. पैसे फक्त मालकाच्या अमुक खात्यात. आणि मुखत्याराने स्वतःला, बायकोला किंवा मुलांना विकायचं नाही. मुखत्याराने मालकाच्या संमतीविना स्वतःशीच व्यवहार केला, तर त्यात लपवाछपवी किंवा मालकाचं नुकसान दिसल्यास भारतीय करार कायद्याच्या कलम 215 नुसार मालक तो नाकारू शकतो, पण ते सिद्ध करायला कोर्टात वर्षं जातात. एक ओळ लिहिणं स्वस्त पडतं. असं मुखत्यारपत्र नुसतं नोटरी करून भागेल या भरवशावरही राहू नका. त्याच्या आधारे विक्रीखत नोंदवायचं तर मुखत्यारपत्रही दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या.

“यात ‘रद्द न होणारे’ असं टाकून देऊ, म्हणजे बँकवाले विचारणार नाहीत,” असा सल्लाही मिळतो. नुसत्या या शब्दांनी मुखत्यारपत्र कायमचं होत नाही. कलम 202 प्रमाणे त्या मिळकतीत मुखत्याराचं स्वतःचं हित असेल, म्हणजे उदाहरणार्थ त्याचे पैसे त्यात अडकले असतील, तरच मालकाला एकतर्फी मागे घेता येत नाही. फक्त प्रेमापोटी दिलेल्या कागदात ते शब्द घातले तर वादाला तेवढं तोंड फुटतं. आणि मोबदला घेऊन विक्रीचा अधिकार दिल्याचं दाखवलंत तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क विक्रीखतासारखं लागतं. शिवाय अशा मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केलं आहे. भावाकडून पैसे घेतले असतील तर सरळ विक्रीखत करा.

आता रद्द करण्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. ताईने रागाच्या भरात रद्दलेख केला म्हणजे काम संपलं असं वाटतं. कलम 208 सांगतं की रद्द झाल्याचं मुखत्याराला कळतं तेव्हा त्याच्यापुरतं ते रद्द होतं, आणि तिसऱ्या माणसाला कळतं तेव्हा त्याच्यापुरतं. तारखा घालून बघा. ताईने 3 जूनला रद्दलेख केला. भावाला पत्र मिळालं 8 तारखेला. 6 तारखेला त्याने जुन्या भाडेकरूकडून भाडं घेतलं असेल तर ते ताईलाच मिळालं असं धरलं जाईल. भाडेकरूकडून ते पुन्हा मागता येत नाही. भावाला पत्र मिळाल्यावर, 12 तारखेला, त्याने नव्या भाडेकरूशी 11 महिन्यांचा करार करून दीड लाख डिपॉझिट घेतलं. भाडेकरूला रद्दलेखाची काहीच कल्पना नव्हती. भाडेकरूच्या बाजूने तो करार टिकतो. फ्लॅट अकरा महिने अडकला आणि डिपॉझिट परत करायची जबाबदारी ताईवर. ती रक्कम तिने भावाकडून वसूल करायची, हा वेगळा दावा.

म्हणून क्रम असा ठेवा. मुखत्यारपत्र नोंदणीकृत असेल तर रद्दलेखही नोंदवा, शक्यतो त्याच कार्यालयात, मूळ दस्ताचा क्रमांक घालून. त्याच दिवशी भावाला पोहोच मिळेल अशा टपालाने नोटीस, व्हॉट्सअॅपवरही. मग सोसायटी, बँक, सध्याचा भाडेकरू, ज्याच्यामार्फत भाडेकरू येतात तो एजंट, आणि सिडकोचा भाडेपट्टा असेल तर सिडको, या सगळ्यांना पत्र देऊन प्रत्येकाची पोच घ्या. मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. मूळ प्रत आणि भावाकडच्या प्रमाणित प्रती परत मागा. झेरॉक्स बाहेर फिरतातच, त्या कोणी थांबवू शकत नाही. म्हणूनच मसुद्यातच मुदत घालून ठेवा, ‘अमुक तारखेपर्यंत’. मुदत संपलेला कागद पाहणाऱ्यालाही लगेच कळतो.

एक गैरसमज वयस्कर पालकांच्या घरी हमखास भेटतो. “बाबांचं डोकं चालेनासं झालं तरी मुखत्यारपत्र आहेच की.” नाही. कलम 201 नुसार मालकाचा मृत्यू झाला किंवा त्याचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं की मुखत्यारी संपते. स्मृतिभ्रंश वाढल्यावर किंवा कोमात गेल्यावर मुलाला कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. बँकेचं काम आज बाबांना कळतंय तोवर संयुक्त खात्यात करून ठेवणं सोपं पडतं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत मुखत्यारपत्र दाखवून मत देता येत नाही, हे भावाला आधीच सांगा, नाहीतर सभेत उगाच भांडण.

आणि भावाने रद्द झाल्यानंतरही दस्त केला तर? दस्त नोंदवताना मुखत्याराकडून एक घोषणापत्र घेतलं जातं, की मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही आणि लिहून देणारी व्यक्ती मयत नाही. ते खोटं ठरलं तर नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तक्रार करताना तुम्हाला 8 जूनची पोहोच दाखवावी लागेल. ती पावती फाइलमध्ये लावा, आणि फोटो काढून ई-मेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा.