मीटिंगमध्ये ठरावीक लोक गप्पच: मिश्र भाषांच्या टीमवर लागू पडलेला उपाय

लक्षण: पुण्यातली टीम. चर्चा इंग्रजीत सुरू होते, वाद रंगला की हिंदी-मराठीवर घसरते आणि तमिळ, तेलुगू सहकारी गप्प होतात. मग ठरलेलं काम वेगळंच होऊन येतं. फार वैताग होता.

‘फक्त इंग्रजी’ या नियमाने इंग्रजीत अडखळणारेही गप्प झाले.

लागू पडलं ते असं. आधी पाच मिनिटं सगळ्यांनी न बोलता सामाईक डॉक्युमेंटमध्ये मत लिहायचं, मोडकंतोडकं इंग्रजी चालेल. मग चर्चा हव्या त्या भाषेत. मात्र भाषा बदलणाऱ्यानेच लगेच एका वाक्यात इंग्रजी सार सांगायचं. दुसऱ्या कुणावर टाकलं तर तो कायमचा दुभाषी होतो आणि त्याचं स्वतःचं मत राहून जातं. चहाच्या टपरीवर ठरलेलं ग्रुपवर लिहून, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हरकतींना वेळ दिल्यावरच पक्कं धरायचं.