‘लई वाळलाव की मास्तर!’: मित्राच्या २१ किलोमीटरचं अभिनंदन करताना या चुका टाळा

आमच्या परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पहाटे फिरणाऱ्यांचा एक घोळका आहे. त्यातल्या एका मास्तरांनी संक्रांतीनंतर पळायला सुरुवात केली आणि डिसेंबरात संभाजीनगरला हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. हाफ म्हणजे २१ किलोमीटर आणि वर शंभरेक मीटर. पहिल्या आठवड्यात हा माणूस एक मिनिट पळायचा, दोन मिनिटं चालायचा आणि विजेच्या खांबाला टेकून धापा टाकायचा. त्यामुळे सत्कार करायचा हे सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. बॅनरचा मजकूर आणि ग्रुपवरचा संदेश माझ्याकडे आला, आणि मी दोन्ही बिघडवले.

ग्रुपवर मी त्यांचा मेडल घातलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘मास्तर ओळखू येईनात! लई वाळलाव की!’ पुढचं अर्ध्या तासात घडलं. एकानं विचारलं, ‘शुगर-बिगर निघाली का काय?’ दुसरा म्हणाला, ‘वहिनी जेवायला देत न्हाईत वाटतं.’ तिसऱ्यानं कुठून तरी पाच वर्षांपूर्वीचा लग्नातला फोटो शोधून टाकला आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्रेचाळीस संदेशांत ‘२१’ हा आकडा एकदाही आला नव्हता. मास्तरांनी एक हात जोडलेला चेहरा टाकला, आणि दुसऱ्या दिवशी ते फिरायला आले नाहीत.

अभिनंदन चुकलं की नाही ते ओळखायची खूण हीच. समोरचा नुसते हात जोडतो आणि विषय बदलतो. बरोबर लागलेलं अभिनंदन असेल तर माणूस बोलायला लागतो आणि मग लवकर थांबत नाही.

वाळला, सुकला, उतरला

आपल्याकडे ‘तब्येत उतरली’ म्हणजे माणूस बारीक झाला, आणि ‘तब्येत सुधारली’ म्हणजे अंगानं भरला. म्हणजे ‘काय तब्येत उतरली हो तुमची’ हे वाक्य कौतुकानं म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या कानात आजारपण शिरतं. शुगरचा प्रश्न त्याच वाटेनं येतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नसतो. काही न करता वजन उतरणं हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं, टीबीचंही असू शकतं. पण ज्या माणसाला तुम्ही अकरा महिने डोळ्यांदेखत पळताना पाहिलंय, त्याला चारचौघांत हे विचारणं म्हणजे त्याची मेहनत आजाराच्या खात्यावर टाकणं. खरंच काळजी वाटत असेल तर चार दिवसांनी, दोघंच चहाला बसल्यावर विचारा. सत्काराच्या दिवशी नको.

उलटी बाजूही आहे, आणि ती जास्त टोचते. लांब पळण्याच्या तयारीत बऱ्याच जणांचं वजन फारसं हलत नाही. भूक वाढते, शिवाय स्नायू इंधन म्हणून साखर साठवतात आणि त्या साठ्याबरोबर पाणीही धरून ठेवतात. आमच्याच घोळक्यातल्या एका ताईंनी सहा महिने तयारी करून १० किलोमीटर पूर्ण केले. त्यांना पहिली प्रतिक्रिया मिळाली ती, ‘पळून पळून फरक काही दिसंना तुझ्यात.’ फरक होता. पूर्वी एका किलोमीटरला थांबणारी बाई आता दहा सलग पळत होती. तो बघायला अंगाकडे बघून उपयोग नव्हता. बायकांच्या बाबतीत ‘आता साडी कशी चापून बसते’ किंवा ‘कॉलेजची पोरगीच दिसायलीस’ ही वाक्यंही याच पिशवीतली. बोलणारी मायेनंच बोलते, पण दहा किलोमीटर बाजूला राहतात.

माझी चूक का झाली ते मला नंतर कळलं. मास्तरांनी नेमकं काय केलं हे मला माहीतच नव्हतं. माहिती नसली की माणूस समोर दिसतं त्यावर बोलतो, आणि समोर दिसतं ते अंग.

बॅनरची गोष्ट

फ्लेक्सवाल्याकडे मी पहिला मजकूर दिला तो असा: ‘९६ वरून ७९! मास्तरांचे हार्दिक अभिनंदन!’ त्यानं कॉम्प्युटरवरून मान वर न करता विचारलं, ‘जुना फोटो हाय का? आधी-नंतर असं शेजारी शेजारी टाकून देतो, लई चालतंय सध्या.’ तेव्हा कुठं मला ते चित्र डोळ्यासमोर दिसलं. चौकात चार फुटांवर मास्तरांचं जुनं पोट लटकणार, आणि शाळेतली पोरं रोज त्याखालून जाणार. मी मजकूर परत घेतला.

मग मास्तरांच्या घरी गेलो. ते शाळेत होते. वहिनींना विचारलं, हे किती दिवस पळाले, काही टिपून ठेवलंय का? त्यांनी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं. दुधाच्या खाड्याची फुली लाल पेनानं आणि शेजारी मास्तरांची निळी टिकली, खाली बारीक अक्षरात किलोमीटर. जानेवारीत २, ३, परत २. मेमध्ये निळ्या टिकल्यांपुढं ‘४.४५’ लिहिलेलं, कारण परभणीचा पारा चाळिशीच्या वर गेला की साडेसहानंतर पळणं म्हणजे तव्यावर पाय ठेवणं. जुलैत एका ठिकाणी ‘चिखल, परत’. काळी माती बुटाला लागली की प्रत्येक पाय किलोभर जड होतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. दर रविवारी आकडा थोडा चढत गेलेला: ८, १०, १२, एकदम खाली ७, मग १४, १६, आणि शेवटी नोव्हेंबरात १८. त्यानंतर स्पर्धेपर्यंत मुद्दाम कमी केलेलं, पायांना आराम म्हणून.

मी टिकल्या मोजल्या. १७१ भरल्या.

अभिनंदनाला लागणारा सगळा माल इथं होता. नवा मजकूर दोन ओळींत बसला: ‘१७१ पहाटा. २१ किलोमीटर. २ तास ४१ मिनिटे. मास्तर, मानलं!’ फोटो एकच, शेवटच्या रेषेवरचा, हात वर केलेला.

वेळ लिहिताना मात्र आणखी एक चूक होता होता राहिली. ऑनलाइन मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर अनेकदा दोन वेळा असतात. एक इशारा झाल्यापासूनची आणि एक छातीवरच्या नंबराच्या चिपनं मोजलेली. मागच्या गर्दीत उभा असलेला माणूस सुरुवातीची रेषा ओलांडतो तोवरच तीन-चार मिनिटं गेलेली असतात. मास्तरांची पहिली वेळ २ तास ४५ मिनिटं होती, चिपची २ तास ४१. पळणारा माणूस चिपचीच वेळ आपली मानतो. ती चार मिनिटं तुम्ही त्याच्या खात्यात टाकली तर त्याला कळतं, की ह्यानं नीट पाहिलंय.

काय विचारावं

‘नंबर कितवा आला?’ हे नको. वेळेत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मेडल मिळतं, आणि बहुतेक जण नंबरासाठी पळतच नाहीत. माझा अनुभव असा, की हाफ पळालेल्या माणसाला ‘सोळा-सतराच्या पुढं काय झालं?’ एवढं विचारावं आणि खुर्ची ओढून बसावं. नवखे लोक तयारीत सोळा-अठराच्या पुढं जात नाहीत, त्यामुळं शेवटचे तीन ते पाच किलोमीटर त्या दिवशी ते आयुष्यात पहिल्यांदा पळत असतात. मास्तरांचं सतराव्याला पोटरीत गोळा आला होता. एका पाण्याच्या टेबलाला धरून ते उभे राहिले, तिथल्या पोरानं मीठ लावलेली संत्र्याची फोड दिली, आणि पुढचा एक किलोमीटर ते चालत गेले. हे त्यांनी मला वीस मिनिटं सांगितलं.

आता कुणी म्हणेल, पोटरी म्हणजे अंगच की! आणि मास्तरांच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, त्याचं विचारायचं का नाही? विचारा. दुखणं-खुपणं विचारणं वेगळं आणि दिसणं जोखणं वेगळं. ‘नख कसं हाय?’ या प्रश्नात तुम्ही त्याच्याबरोबर पळताय. ‘पोट कुठं गेलं?’ मध्ये तुम्ही बांधावर उभे राहून बघताय.

मित्र स्वतःच म्हणाला, ‘सतरा किलो उतरवले बघ,’ तर कानात बोटं घालायची नाहीत. तो आकडा त्याचा आहे, त्यानं काढला तर ‘तुला पाहिजे होतं ते केलंस’ म्हणा आणि परत पळण्याकडं वळा. तुम्ही होऊन ‘अजून पाच उतरले की हिरो’ असं पुढचं टार्गेट देऊ नका. रक्ताच्या रिपोर्टचंही तसंच. तीन महिन्यांची सरासरी साखर खाली आली असं त्यानं तुम्हाला सांगितलं, तर ते तुम्हाला सांगितलंय, ग्रुपला नाही.

आणखी दोन वाक्यं अभिनंदनाच्या वेषात फिरतात. ‘आता सोडू नका, न्हाईतर परत सुटाल’ हे एक. माणूस मेडल घेऊन उभाय आणि आपण त्याला जुन्या पोटाची भीती घालतोय. दुसरं म्हणजे ‘आता फुल कधी?’ फुल म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर दोनशे मीटरच्या आसपास. ज्याला आज जिना उलटा उतरावा लागतोय, त्याला हे आठवडाभर तरी विचारू नये.

भेटवस्तूतही अंग डोकावतं. ‘आता तुम्हाला मीडियम बसंल’ म्हणून आमच्यातल्या एकानं टी-शर्ट आणला होता. तो मास्तरांना काखेत दाटला आणि सगळ्यांसमोर ओढून काढावा लागला. मोजे द्या, पाण्याची बाटली द्या, नाहीतर सरळ घरी धपाटे-दह्याला बोलवा. मात्र ताटावर बसल्यावर ‘आता हे चालतं का तुम्हाला?’ विचारू नका.

आधीच बोलून गेलो असेल तर

व्हॉट्सअ‍ॅपवर आपला संदेश दोनेक दिवसांच्या आत सगळ्यांसाठी पुसता येतो, आणि अ‍ॅडमिनला दुसऱ्यांचेही पुसता येतात. मी माझा पुसला, अ‍ॅडमिनला सांगून लग्नातला फोटो काढायला लावला. मग मास्तरांना फोन केला आणि एवढंच म्हणालो, ‘मास्तर, मी तुमच्या वजनावर बोललो, पळण्यावर बोललोच न्हाई. चुकलं.’ लांबलचक माफी मागितली असती तर त्यांनाच मला समजावत बसावं लागलं असतं, आणि विषय परत त्यांच्या पोटावर आला असता. ते म्हणाले, ‘जाऊ द्या हो,’ आणि मी लगेच सतराव्या किलोमीटरचं विचारलं.

रविवारी सत्कार झाला. शाल, नारळ, चहा. मास्तर जिन्यासारखेच खुर्चीवरूनही सावकाश उठले, बॅनरजवळ गेले आणि चष्मा वर करून वाचत राहिले. मला वाटलं, परत काहीतरी लागलं.

‘१७१ न्हाई,’ ते म्हणाले. ‘१७२. स्पर्धेचा दिवस धरलाच न्हाई तुम्ही.’

फ्लेक्सवाल्याचा मार्कर कुणाच्या तरी खिशात होता. एकाचं दोन करून घेतलं.