भोवऱ्यांची जोडी सरळ का जात नाही? या चुका टाळा

पाण्यात शेजारी शेजारी दोन भोवरे, ताकद सारखी, फिरण्याची दिशा उलट. ही जोडी आपली आपण सरळ रेषेत पुढे जाते. गणित दोन ओळींचं आहे, तरी पहिल्यांदा करताना उत्तर दुप्पट किंवा चौपट येतं, आणि कोड लिहिला तर जोडी हळूहळू फाकत जाते. कुठे बिघडतं ते एकच उदाहरण धरून पाहू.

डावीकडे अ हा भोवरा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरणारा. उजवीकडे ब, काट्यांच्या दिशेने फिरणारा. दोघांत अंतर d = १० सेंमी. प्रत्येकाची ताकद, म्हणजे सर्क्युलेशन Γ, ६२.८ चौ. सेंमी प्रति सेकंद. हा आकडा मुद्दाम निवडलाय, कारण Γ/2π बरोबर १० येतं आणि सगळा हिशोब तोंडी होतो. एका बिंदू-भोवऱ्यापासून r अंतरावर पाण्याचा वेग Γ/(2πr), दिशा त्या भोवऱ्याभोवतीच्या वर्तुळाला स्पर्श करणारी.

आता अ किती वेगाने जाईल? अ स्वतःला ढकलत नाही. त्याच्या भोवतीचं पाणी सगळ्या बाजूंनी सारखंच फिरतं, त्यामुळे स्वतःच्या जागी त्याचा स्वतःचा परिणाम शून्य धरायचा. (कोडमध्ये हे विसरलात तर शून्याने भागाकार होतो आणि पडद्यावर `nan` दिसतं. ही चूक निदान लपत तरी नाही.) अ ला हलवतो तो फक्त ब, तोही पूर्ण १० सेंमी अंतरावरून. म्हणून

U = Γ/(2πd) = १ सेंमी प्रति सेकंद

आणि ब लाही हाच वेग, याच दिशेने. विरुद्ध भोवरे एकमेकांना विरुद्ध दिशेला ढकलतील असं पुष्कळांना वाटतं. पण इथे चिन्ह दोनदा उलटतं: ब ची फिरण्याची दिशा उलटी, आणि अ कडून पाहिलं तर ब आहे दुसऱ्या बाजूला. दोन उलट्या मिळून सुलट, म्हणून दोघेही वर जातात. दोघे एकाच दिशेने फिरणारे असते तर चिन्ह एकदाच उलटलं असतं, आणि जोडी पुढे जाण्याऐवजी एकमेकांभोवती फिरत बसली असती.

चौपट उत्तर येतं ते मधल्या बिंदूमुळे. जोडीचा वेग म्हणजे मधल्या पाण्याचा वेग असं मनात बसलेलं असतं. पण मध्यबिंदू प्रत्येक भोवऱ्यापासून ५ सेंमीवर आहे, म्हणजे एकेकाचा वाटा २ सेंमी प्रति सेकंद, आणि दोघांचे वाटे एकाच दिशेने पडतात. बेरीज ४. मधलं पाणी जोडीच्या चौपट वेगाने पुढे सरकतं. त्यातलं एकाच भोवऱ्याचं योगदान घेतलं आणि अंतर ५ धरलं, तर दुप्पट उत्तर मिळतं. तबकात पाणी घेऊन अशी जोडी प्रत्यक्ष केली, तर हीच चूक वेगळ्या वेशात येते: पाण्यावर भुरभुरलेली पूड मध्यरेषेवरून धावताना दिसते, तिचाच वेग मोजला जातो. मोजायचे ते भोवऱ्यांचे खळगे.

मध्यातून धावणारं ते पाणी मग जातं कुठे? जोडीसोबत चालत पाहा, म्हणजे सगळीकडून U वजा करा. मध्यरेषेवर जोडीच्या पुढे आणि मागे ८.७ सेंमीवर पाणी थांबलेलं दिसतं. या दोन स्थिर बिंदूंमधून एक बंद अंडाकृती सीमा जाते, साधारण २१ सेंमी रुंद आणि १७ सेंमी लांब. आतलं पाणी आतच घुमत जोडीबरोबर प्रवास करतं, बाहेरचं बाजूने निघून जातं. वजाबाकी न करता बाण काढले तर ही सीमा अजिबात दिसत नाही, आणि ‘पाण्यात सोडलेला रंग आडवा का पसरला’ हे कोडं सुटत नाही.

कोडमधली माझी आवडती चूक पुढे आहे. इथे `move` दुसऱ्या भोवऱ्याच्या जोरावर पहिल्याची एका पावलानंतरची जागा काढतं:

```python
xa, ya = move(xa, ya, xb, yb, -G)
xb, yb = move(xb, yb, xa, ya,  G)
```

वाचताना निर्दोष वाटतं. पण दुसऱ्या ओळीत ब ला अ ची नवी जागा मिळते. पाऊल १ सेकंदाचं असेल तर अ (−५, ०) वरून (−५, १) ला पोचलाय, आणि ब ला तो जरा वर दिसतो. दोघांना जोडणारी रेषा तिरकी, म्हणून ब चा वेगही तिरका: आडवा ०.०९९, उभा ०.९९०. ब पोचतो (५.०९९, ०.९९०) ला. एका पावलात अंतर सुमारे १ मिमीने वाढलं. पुढच्या प्रत्येक पावलाला ब असाच बाहेर सरकतो, आणि दहा पावलांत अंतर १०.९ सेंमीच्या आसपास जातं. बारीक पाऊल घेतलं तर तेवढ्याच प्रवासातलं फाकणं त्याच प्रमाणात कमी होतं, म्हणून लोक पाऊल बारीक करून समाधान मानतात. ओळख सोपी आहे: फक्त दुसरा भोवरा बाहेर सरकतो, पहिला जवळपास जागच्या रेषेवरच राहतो. उपाय म्हणजे दोन्ही नव्या जागा आधी काढा, मग एकदम बदला:

```python
na = move(xa, ya, xb, yb, -G)
nb = move(xb, yb, xa, ya,  G)
(xa, ya), (xb, yb) = na, nb
```

आता जोडी अगदी सरळ जाते, आणि इथेच दुसरा सापळा आहे. पावलाच्या सुरुवातीचा वेग पूर्ण पावलभर तसाच धरायचा, ही ऑयलरची साधी पद्धत. जोडी सरळ गेली म्हणजे ती चांगली चालते, असा निष्कर्ष काढू नका. या जोडीचा वेग कधी बदलतच नाही, त्यामुळे कितीही ढोबळ पद्धत इथे अचूक उत्तर देते. परीक्षा घ्यायची तर ब ची फिरण्याची दिशा बदला. दोघांनी १० सेंमी अंतर राखून सुमारे ३१ सेकंदांत एक फेरी मारायला हवी. ऑयलरने १ सेकंदाच्या एकाच पावलात अंतर १०.२ होतं आणि वाढतच राहतं. तिथे एकाच पावलात वेग अनेकदा काढणारी रुंग-कुट्टा पद्धत वापरा.

जोडी सरळ जाते पण वेग कमी येतो? मग छेदात भर घातलीय का बघा. कोडमध्ये वेग बहुधा Γd/(2πd²) असा मांडतात, आणि भागाकार फुटू नये म्हणून छेदातल्या d² च्या जागी d² + δ² लिहितात. δ = ५ असेल तर वेग १ ऐवजी ०.८ येतो.

राहिला वळणाचा प्रश्न. जोडी वळत असेल तर बहुतेक वेळा दोघांची ताकद सारखी नसते. ब ची ताकद १० टक्क्यांनी कमी धरा. मग अ चा वेग ०.९, ब चा १, आणि दोघे एका दूरच्या केंद्राभोवती फिरतात. हे केंद्र ताकदीने भारित सरासरीवर येतं:

x = (१×(−५) − ०.९×५) / (१ − ०.९) = −९५

म्हणजे अ च्याही पलीकडे ९० सेंमीवर. जोडी जोरकस भोवऱ्याच्या बाजूला वळते, मिनिटभरात सुमारे ३४ अंश. तबकात अर्धवट बुडवलेली पट्टी ओढून जोडी केली असेल आणि ती दर वेळी डावीकडे वळत असेल, तर डावा भोवरा जास्त जोराचा झालाय. पट्टी तिरकी ओढली जातेय का ते आधी पाहा, मग तबकाची कड. सपाट भिंतीचा परिणाम पलीकडे उलट फिरणारा आरशातला भोवरा ठेवल्यासारखा असतो. भोवरा भिंतीपासून h अंतरावर असेल तर हिशोबात d म्हणून h नाही, 2h घ्यायचं.