व्हॉट्सॲप बॅकअपचा पासवर्ड विसरलात? आधी जुना फोन जपा

व्हॉट्सॲपच्या बॅकअपला कुलूप लावणं सोपं आहे. `Settings > Chats > Chat backup > End-to-end encrypted backup` इथे जाऊन चालू करा. पासवर्ड ठेवायचा, ६४ अक्षरांची किल्ली, की तुमच्या फोनवर दिसत असेल तर बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारी पासकी, एवढंच ठरवायचं. माझं मत विचाराल तर पासवर्ड. किल्लीची प्रत फक्त तुमच्याकडे असते, आणि ज्या फोनचा बॅकअप त्याच फोनच्या गॅलरीत तिचा स्क्रीनशॉट ठेवणारे लोक मी पाहिलेत. किल्लीच हवी असेल तर कागदावर चार-चार अक्षरांचे सोळा गट करून लिहा. तिच्यात फक्त आकडे आणि a ते f ही अक्षरं असतात, त्यामुळे गोल दिसेल ते शून्यच. b आणि 6 मात्र जपून.

आता खरी भानगड. मावशीने नवा फोन घेतला, सिम घातलं, ओटीपी आला, आणि मग स्क्रीनवर बॅकअपचा पासवर्ड मागितला. ती आपला सहा आकडी पिन टाकत राहिली. तो पिन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे खातं उघडण्याचा. बॅकअपच्या पासवर्डमध्ये निदान एक अक्षर लागतंच, त्यामुळे नुसते आकडे तिथे कधीच चालणार नव्हते. दोन्ही एकच, असं मीही तेव्हा समजत होतो. खात्याचा पिन ईमेलवरून बदलता येतो. बॅकअपच्या पासवर्डला तशी सोय नाही. कंपनीला लिहून उपयोग नाही, कारण तो त्यांनाही दिसत नाही. अंदाजाने ठोकत राहू नका. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा आहे आणि ती ओलांडली की त्या पासवर्डमागची किल्ली कायमची हाताबाहेर जाते.

जुना फोन मावशीने आदल्याच दिवशी एक्सचेंजमध्ये दिला होता. चार वर्षांचे फोटो गेले.

तो फोन हातात असता तर पाच मिनिटांचं काम होतं. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप चालू असताना त्याच मेनूत जाऊन पासवर्ड बदलायचा. जुना आठवत नसेल तर विसरल्याचा पर्याय निवडायचा आणि बोटाचा ठसा, चेहरा किंवा फोनचं लॉक वापरून नवा ठेवायचा. चॅट फोनमध्येच असतात, म्हणून हे जमतं. मग वायफायवर `Back up` दाबून बॅकअप पूर्ण होईपर्यंत थांबा.

क्रम चुकवू नका. नव्या फोनवर नंबर आणि ओटीपी टाकलात की जुन्यावरचं व्हॉट्सॲप लॉगआउट होतं, आणि हा मेनूही गेला. म्हणून सिम हलवण्याआधी पासवर्ड बदलून घ्या, नव्या फोनवर जुने मेसेज उघडून बघा, आणि मगच जुना फोन दुकानात द्या.