सापशिडीत शेवटचे दान तीन डावांत पडेल का, हे कसे काढावे

कोकणात आषाढाच्या झडीत ओटीवर सापशिडीचा पट मांडला की शेवटच्या ओळीशी एक वाद हमखास होतो. आमच्या घरी सोंगटी ९९ वर पोहोचली की आजी म्हणते, "आता बसले अडकून, एकाचीच वाट बघायची." ९७ वर असलेल्याला मात्र सगळे भाग्यवान समजतात, कारण तीन पडले तर तो थेट सुटतो आणि दोन पडले तरी पुढे सरकतो. हा समज खरा आहे का, ते वहीच्या एका पानावर तपासता येते.

प्रथम घरचा नियम नक्की करावा. येथे असे धरले आहे की १०० वर नेमक्या दानानेच पोहोचायचे, दान जास्त पडले तर सोंगटी जागेवरच राहते आणि सहा पडल्यावर जादा फेक मिळत नाही.

यानंतर 'हवे ते दान पडेल का' असे न विचारता 'ते एकदाही न पडण्याची शक्यता किती' असे विचारावे. एका फेकीत हवा असलेला आकडा न पडण्याची शक्यता ५/६ असते. प्रत्येक फेक आधीच्या फेकीपासून स्वतंत्र असल्यामुळे तीन फेकींसाठी ५/६ ला तीनदा गुणावे, म्हणजे १२५/२१६ मिळतात. हे १ मधून वजा केले की ९१/२१६ उरतात, म्हणजे सुमारे ४२ टक्के. येथे १/६ ची तीनदा बेरीज करून 'निम्मी संधी' म्हणण्याची चूक सर्रास होते. तसे असते तर सहा डावांत दान पडणे पक्के झाले असते, पण ओटीवर बसलेल्या प्रत्येकाने दहा-दहा डाव रखडलेली सोंगटी पाहिलेली असते. निम्म्याहून किंचित अधिक संधी चार फेकींत मिळते. फ्रेंच गणिती पास्कल याने १६५४ मध्ये फर्मा या गणितीला लिहिलेल्या पत्रात चार फेकींत एकदा तरी सहा पडण्याचे हेच प्रमाण ६७१ विरुद्ध ६२५ असे दिले आहे.

आता मूळ वाद. ९९ वरून फक्त एक पडल्याने सुटका होते, हे खरे. पण ९७ वरून फक्त तीन पडल्यानेच सुटका होते, आणि दोन पडून सोंगटी ९९ वर सरकली तरी तेथेही सोडवणारा आकडा एकच असतो. ९४ पासून ९९ पर्यंतच्या सहाही घरांत, सोंगटी सरको वा न सरको, पुढच्या फेकीला कामाचा आकडा नेहमी एकच. म्हणून या सहा घरांपैकी कोठेही बसलेल्या खेळाडूची तीन डावांतली संधी तीच, ४२ टक्के. मला या हिशेबातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. जास्तीचे दान पडल्यास तितकी घरे मागे फिरण्याचा नियम असला तरीही उत्तर बदलत नाही, कारण मागे फिरलेली सोंगटी ९५ च्या खाली जात नाही.

हे सारे त्या सहा घरांत साप नसेल तरच लागू पडते. आमच्या पटावर, दमट हवेने कडा फुगलेल्या त्या पुठ्ठ्यावर, ९८ ला सापाचे तोंड आहे आणि शेपटी इतकी खाली आहे की तीन डावांत परत वर येणे शक्य नाही. अशा वेळी ९७ चा हिशेब एकेक डाव वाढवत करावा. एकाच डावात संधी १/६. दोन डावांसाठी पहिल्या फेकीचे सहा आकडे पाहावेत: तीन पडले तर सुटका, एक पडले तर साप, दोन पडले तर ९९ वरून एक फेक शिल्लक, आणि चार, पाच किंवा सहा पडले तर ९७ वरूनच एक फेक शिल्लक. यांची बेरीज १/६ + १/३६ + ३/३६, म्हणजे १०/३६ होते. तिसऱ्या डावासाठी हीच मांडणी पुन्हा करावी. ९९ वरून दोन डावांची संधी ११/३६ आणि ९७ वरून दोन डावांची संधी नुकतीच काढलेली १०/३६ आहे. पहिलीला १/६ ने आणि दुसरीला ३/६ ने गुणून त्यांत सुरुवातीचा १/६ मिळवला की ७७/२१६ येतात, म्हणजे सुमारे ३६ टक्के.

९९ च्या पुढे मात्र साप नाही, म्हणून तेथील संधी ४२ टक्केच राहते. आमच्या पटावर ९९ वर अडकलेली आजी ९७ वरच्या नातवापेक्षा पुढे असते, घरांनीही आणि हिशेबानेही.