डायमेट्रल डायलवर किती डिव्हिजन फिरवायचे?

लेथवर नवीन होतो तेव्हा माझ्या हातून एक जॉब वाया गेला. त्याची मापं मला आजही पाठ आहेत. व्यास होता ५१.२० मिलिमीटर आणि करायचा होता ५०.००. म्हणजे व्यासावरून १.२० काढायचे. क्रॉस स्लाइडच्या डायलवर एका डिव्हिजनची किंमत ०.०५ अशी कोरलेली होती. १.२० भागिले ०.०५ म्हणजे २४. मी २४ डिव्हिजन फिरवले, कट घेतला, मायक्रोमीटर लावला आणि वाचन आलं ४८.८०.

भागाकार बरोबर होता, पण डायल वेगळ्या जातीचा होता. तोवर मी ज्या लेथवर शिकलो तिचा डायल डायमेट्रल होता, म्हणजे त्यावर जेवढा आकडा फिरवाल तेवढा व्यास कमी व्हायचा. या दुसऱ्या लेथचा डायल टूल प्रत्यक्ष किती सरकलं ते दाखवायचा. टूल १.२० पुढे गेलं, जॉबच्या दोन्ही बाजूंनी १.२० गेले आणि व्यास २.४० ने उतरला. फोरमननी जॉब हातात घेऊन एवढंच विचारलं, “डायल काय मोजतो, ते बघितलंस का?” मी बघितलं नव्हतं. सगळ्या हिशेबाची सुरुवात याच प्रश्नापासून होते.

आधी डायल डायमेट्रल कसा होतो ते बघू. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूची पिच ५ मिलिमीटर धरा. हँडव्हील एक पूर्ण फेरा फिरलं की टूल ५ मिलिमीटर आत जातं. जॉब फिरत असल्यामुळे ते ५ मिलिमीटर सगळीकडून निघतात आणि व्यास १० ने कमी होतो. आता कॉलरवर २०० रेघा आहेत असं समजा. एका डिव्हिजनला टूल सरकतं ५ भागिले २००, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. व्यास कमी होतो ०.०५. कारखान्याने कॉलरवर ०.०२५ कोरलं तर डायल त्रिज्येचा, ०.०५ कोरलं तर व्यासाचा. स्क्रू तोच, रेघाही त्याच, बदलतो फक्त कोरलेला आकडा. म्हणून लांबून बघून डायलची जात ओळखता येत नाही.

काही लेथवर कॉलरजवळ व्यासाचं चिन्ह किंवा तशी पट्टी असते. नसेल तर डायल गेजने पाच मिनिटांत समजतं. मॅग्नेटिक बेस बेडवर बसवा आणि गेजचं टोक टूलपोस्टच्या सपाट बाजूला टेकवा, पण ते क्रॉस स्लाइड सरकते त्याच रेषेत असलं पाहिजे. हँडव्हील थोडं आत फिरवून स्क्रूमधली ढिलाई काढा, गेज शून्यावर आणा आणि डायलवरच्या लेखी १.०० मिलिमीटर एवढं फिरवा. आपल्या उदाहरणातल्या ०.०५ च्या डायलवर ते २० डिव्हिजन होतात. गेजने ०.५० दाखवलं तर डायल डायमेट्रल, १.०० दाखवलं तर टूलची सरळ हालचाल दाखवणारा. त्या वाया गेलेल्या जॉबनंतर मी कोणत्याही अनोळखी लेथवर आधी हेच करतो.

डायल डायमेट्रल आहे हे पक्कं झालं की पुढचा घोळ होतो तो ‘डेप्थ ऑफ कट’ या शब्दात. डेप्थ ऑफ कट म्हणजे टूल जॉबमध्ये किती खोल गेलं ते, म्हणजेच एका बाजूचं माप. जुना व्यास वजा नवा व्यास, भागिले दोन. डायल मात्र दोन्ही बाजूंचं मिळून माप दाखवतो. त्यामुळे डायमेट्रल डायलवर हिशेब असा होतो:

```
डिव्हिजन = (2 × डेप्थ ऑफ कट) ÷ एका डिव्हिजनची किंमत
डिव्हिजन = (जुना व्यास − नवा व्यास) ÷ एका डिव्हिजनची किंमत
```

दोन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात. प्रोसेस कार्डावर डेप्थ ऑफ कट ०.८ लिहिलं असेल तर पहिली ओळ वापरा: १.६ भागिले ०.०५, म्हणजे ३२ डिव्हिजन. हातात दोन व्यास असतील तर दुसरी वापरा आणि दोनने गुणण्या-भागण्याच्या भानगडीत पडूच नका. नवी मुलं बहुतेक वेळा चुकतात ती इथेच. व्यासांचा फरक काढतात, सवयीने त्याचा अर्धा करतात आणि तो अर्धा आकडा डायमेट्रल डायलवर फिरवतात. जॉब मोठा राहतो. ही चूक निदान दुरुस्त होते, कारण धातू अजून जॉबवर असतो. माझ्या जॉबसारखी उलट्या बाजूची चूक झाली की जॉब थेट भंगारात.

आता एक जॉब सुरुवातीपासून बघू. बार ४२ चा, हवा आहे ३८.००, डायल डायमेट्रल, एक डिव्हिजन ०.०५.

बारचा ४२ हा आकडा हिशेबात धरू नका. बाहेरून तो पूर्ण गोल नसतो आणि चकमध्येही थोडा हलता बसतो. आधी बारीक कट घेऊन पृष्ठभाग साफ करून घ्या. कट संपला की क्रॉस स्लाइडला हात न लावता फक्त कॅरेज उजवीकडे न्या, लेथ बंद करा, माप घ्या. समजा ४१.६० आलं. टूल अजून त्याच व्यासावर उभं आहे. कॉलर आता शून्यावर फिरवून घट्ट करा. डायलवरचा शून्य म्हणजे ४१.६० हा पक्का संदर्भ तयार झाला. चालत्या जॉबला टूल नुसतं टेकवून शून्य घेण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी भरवशाची वाटते, कारण टूल नेमकं कधी टेकलं हे डोळ्याला आणि कानाला दर वेळी थोडं वेगळं जाणवतं.

४१.६० वरून ३८.०० म्हणजे ३.६० काढायचे. रफिंगचा एक कट घेऊ, खोली १.५. डायलवर ३.०० फिरवायचे, म्हणजे ६० डिव्हिजन. हिशेबाने व्यास ३८.६० यायला हवा. मोजला तर ३८.६४ आला.

हे ०.०४ कुठे गेले? जड कटला जॉब आणि टूल एकमेकांपासून किंचित ढकलले जातात. डायल आकडा बरोबर दाखवत असतो, पण टूलचं टोक तेवढं आत पोहोचलेलं नसतं. जॉब बारीक आणि चकच्या बाहेर लांब असेल तर हा फरक वाढतो. आता मोजून उरले ०.६४, म्हणजे जवळजवळ १३ डिव्हिजन. माझा आग्रह आहे की इथे १३ फिरवू नका.

कारण पुढचा कट हलका आहे. हलक्या कटला जॉब कमी ढकलला जातो, त्यामुळे आधीच्या कटात मागे राहिलेले ०.०४ सुद्धा या कटात निघतात. १३ डिव्हिजन फिरवले तर डायलच्या हिशेबाने ३८.६० वजा ०.६५, म्हणजे ३७.९५ येईल आणि जॉब लहान होईल. त्याऐवजी उरलेल्या मापाचे अर्धे, म्हणजे ६ डिव्हिजन घ्या. आपण ०.३० फिरवले, तरी मोजल्यावर ३८.३० येतं, म्हणजे प्रत्यक्षात ०.३४ निघाले. आता उरले ०.३०. शेवटचा कट पुन्हा ६ डिव्हिजनचा. हे दोन्ही कट जवळजवळ सारख्याच खोलीचे असल्यामुळे ढकललं जाणंही सारखं, आणि व्यास ३८.०० वर उतरतो. शेवटचे दोन कट सारखे ठेवायचे ते यासाठीच. फीड आणि स्पीडही त्या दोन कटांना तेच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

डिव्हिजन मोजताना बॅकलॅशचं भान लागतं. स्क्रू आणि नट यांच्यात थोडी ढिलाई असते. हँडव्हीलची दिशा बदलली की डायल लगेच फिरतो, पण स्लाइड थोडा वेळ जागेवरच राहते. ६ डिव्हिजनच्या जागी चुकून ८ फिरले, तर २ डिव्हिजन मागे घेऊन चालत नाही. डायल ६ वर येईल, टूल कदाचित ८ वरच राहील. अर्धा फेरा तरी मागे या आणि मग पुढे येत ६ वर थांबा. डायमेट्रल डायलवर ढिलाई आकड्यात मोठी दिसते. स्लाइड प्रत्यक्षात ०.२ मिलिमीटर ढिली असेल तर आपल्या डायलवर ते ८ डिव्हिजन होतात आणि डायल ०.४० वाचतो. ते बघून स्क्रू झिजला असं लगेच ठरवू नका. आधी दोनने भागा. पण दर कटाला माप मनाला येईल तसं बदलत असेल, तर स्लाइडच्या जिबचे स्क्रू तपासा. स्लाइडच सैल असेल तर डायल कितीही नेमका वाचला तरी उपयोग नाही.

बोरिंग करतानाही गुणाकार तोच: व्यास ०.६० ने वाढवायचा तर १२ डिव्हिजन. फक्त टूल आपल्याकडे येतं, म्हणून हँडव्हील उलटं फिरतं आणि ढिलाईही उलट बाजूने काढावी लागते. बाहेरचं टर्निंग संपवून त्याच शून्यावर बोरिंग सुरू केलं की नेमकी एवढ्या ढिलाईचीच चूक येते. बोअरसाठी शून्य नव्याने घ्या.

खाच पाडताना ड्रॉइंग नीट वाचा. खाचेची खोली २ मिलिमीटर दिली असेल तर डायलवर ४.००, म्हणजे ८० डिव्हिजन. खाचेच्या तळाचा व्यास दिला असेल तर दोन व्यासांचा सरळ फरक. थ्रेडचंही तसंच आहे. एम २० च्या २.५ पिचच्या बाहेरच्या थ्रेडची खोली सुमारे १.५३ असते. टूल सरळ आत देत असाल तर डायमेट्रल डायलवर एकूण सुमारे ३.०७, म्हणजे ६१ डिव्हिजनच्या आसपास. हे अर्थातच थोडं थोडं करून अनेक पासमध्ये द्यायचं.

कंपाउंड स्लाइडचा डायल मात्र वेगळा समजा. तो बहुतेक लेथवर स्लाइडची प्रत्यक्ष हालचाल दाखवतो. ती स्लाइड बेडच्या रेषेत ठेवून फेसिंगमध्ये लांबीवरून ०.५ काढायचे असतील तर तिच्या डायलवर ०.५ च फिरवायचे. एकाच जॉबवर दोन्ही स्लाइड वापरताना मी खडूने क्रॉस स्लाइडच्या कॉलरशेजारी ‘व्यास’ आणि कंपाउंडच्या शेजारी ‘सरळ’ असं लिहून ठेवतो.